जर्मनीत पत्ता बदलताना: मागचा पत्ता कुठला, घरमालकाचा कागद कुणाचा आणि घरातली माणसं कोणत्या फॉर्मवर

प्रश्न: मी जुलैअखेर फ्रँकफर्टची शेअरिंगमधली खोली सोडली. ऑगस्ट श्टुटगार्टमध्ये एका फर्निश्ड स्टुडिओत काढला, तिथे नोंदणी करता येत नव्हती. आता १ सप्टेंबरपासूनच्या करारावर फ्लॅट घेतलाय आणि ५ तारखेला राहायला आलोय. बायको आणि सहा वर्षांची मुलगी २० तारखेला पुण्याहून येतायत. आनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीच्या, फॉर्मवर मागचा पत्ता कुठला लिहू? घरमालकाचा कागद कुणाकडून घ्यायचा, त्यावर तारीख कोणती? तिघांचा एकच फॉर्म चालेल का? पुढच्या वर्षी मेव्हणाही शिकायला येऊन आमच्याकडेच राहणार आहे.

उत्तर:

तुमच्या फॉर्मवर मागचा पत्ता फ्रँकफर्टचा येईल. ऑगस्टच्या स्टुडिओचा उल्लेख कुठेच येणार नाही. बायको आणि मुलीचा दुसरा फॉर्म करायचा, त्यावर मागचा पत्ता पुण्याचा. घरमालकाचे कागदही दोन लागतील, एकावर ५ सप्टेंबर आणि दुसऱ्यावर २० सप्टेंबर. मेव्हण्याची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

आता हे असं का, ते समजून घ्या, म्हणजे काउंटरवर कुणी उलटसुलट विचारलं तरी गडबड होणार नाही. या फॉर्मवरचं "Bisherige Wohnung", म्हणजे मागचं घर, हे खानं तुम्ही मधल्या काळात कुठे कुठे राहिलात हे विचारत नाही. तुमची नोंद आज कोणत्या गावच्या दप्तरात पडून आहे, एवढंच त्याला हवं असतं. आपल्याकडे रेशनकार्डावरचं नाव दुसऱ्या गावी न्यायचं तर आधी जुन्या ठिकाणी नाव कमी केल्याचा दाखला काढावा लागतो. जर्मनीत देशांतर्गत घर बदलताना तो हेलपाटा नाही. नवं कार्यालयच जुन्या कार्यालयाला कळवतं आणि तिकडची नोंद बंद होते. बहुतेक वेळा तर नव्या काउंटरवरचा माणूस तुमचं नाव, जन्मतारीख आणि मागचा पत्ता टाकून जुन्या दप्तरातली माहिती थेट स्वतःच्या स्क्रीनवर ओढून घेतो. म्हणून मागचा पत्ता चुकला की शोध रिकामा येतो, आणि "तुम्ही तर कुठेच नोंदलेले नाही" अशी सुरुवात होते.

फ्रँकफर्टचा पत्ता आठवणीतून लिहू नका. तिथे नोंदणी केली तेव्हा हातात पडलेला एक पानी कागद, आम्टलिशे मेल्डेबेश्टेटिगुंग, तो काढा आणि त्यावरचं जसंच्या तसं उतरवा. शेअरिंगच्या घरात राहणाऱ्यांच्या बाबतीत इथेच घोळ होतो. घर क्रमांकाला १२ ऐवजी १२ए असतं, मागची इमारत असेल तर तशी जोड असते, आणि तुम्ही वर्षभर पार्सलं मात्र नुसत्या १२ वर मागवत असता. पोस्टमनला चाललं म्हणून दप्तराला चालतंच असं नाही. तो कागद हरवला असेल तर फ्रँकफर्टच्या पत्त्यावर आलेलं टॅक्स आयडीचं पत्र किंवा तुमच्या रेसिडेन्स कार्डावरचा पत्ता बघा.

ऑगस्टच्या स्टुडिओबद्दल मनात धाकधूक असेल तर ती काढून टाका. जर्मनीचा नोंदणी कायदा, बुंडेसमेल्डेगेझेट्झ, १ नोव्हेंबर २०१५ पासून देशभर एकच आहे. जो आधीच जर्मनीत नोंदलेला आहे आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही इतक्या मुदतीसाठी दुसरीकडे राहतो, त्याला त्या तात्पुरत्या जागेची नोंद करावी लागत नाही, हे या कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे. तेव्हा काउंटरवर कुणी विचारलंच, "३१ जुलैला तिकडून निघालात, ५ सप्टेंबरला इथे आलात, मधे कुठे होतात?", तर सरळ सांगायचं: इथेच, महिनाभराच्या तात्पुरत्या जागेत, नोंद फ्रँकफर्टलाच होती. तारखा जुळवण्यासाठी घर सोडल्याची तारीख पुढे ढकलून ४ सप्टेंबर लिहायचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईल. तो मानू नका. फ्रँकफर्टच्या खोलीत १ ऑगस्टपासून दुसरा कुणीतरी राहतोय आणि त्याचीही नोंद झालेली असणार.

एक शक्यता मात्र लक्षात असू द्या. तुम्ही गेल्यावर तिथल्या घरमालकाने किंवा नव्या भाडेकरूने कार्यालयाला "हा इथे राहत नाही" असं कळवलं असेल, तर कार्यालय स्वतःहून तुमचं नाव तिथून काढू शकतं, आणि नोंदीत "गेला, कुठे ते माहीत नाही" असा शेरा पडतो. एका महिन्यात असं सहसा होत नाही, पण झालं असेल तर काउंटरवरचा माणूस सांगेल की तुमची चालू नोंद सापडत नाही. अशा वेळीही मागचा पत्ता तोच राहतो. फ्रँकफर्टचा तो जुना कागद दाखवा, पासपोर्ट द्या, नोंद पुन्हा जोडली जाते.

त्याच चौकटीत खाली आणखी एक प्रश्न असतो: मागचं घर ठेवणार आहात का? इथे "nein", म्हणजे नाही. फ्रँकफर्टचं डिपॉझिट अजून परत आलं नाही किंवा एक बॅग तिकडे मित्राकडे आहे, म्हणून "ja" वर खूण करणारे लोक मी पाहिलेत. त्या एका खुणेने तुमची दोन घरं होतात, एक मुख्य आणि एक दुय्यम, आणि बऱ्याच शहरांत दुय्यम घरावर वेगळा कर आहे. तुमचं नवं घर एकुलतं एक आहे, म्हणून "alleinige Wohnung".

तुमच्या फॉर्मचा पत्त्याचा भाग साधारण असा दिसेल. गावोगावच्या फॉर्मची मांडणी थोडी वेगळी असते, खान्यांचा अर्थ तोच:

```
Neue Wohnung
  Tag des Einzugs:    05.09.2025
  Gemeinde:           Stuttgart
  alleinige Wohnung   [x]
Bisherige Wohnung
  Tag des Auszugs:    31.07.2025
  Gemeinde:           Frankfurt am Main
  Wird beibehalten?   nein [x]
```

आता घरमालकाचा कागद. याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, आणि त्याच्या जागी भाडेकरार चालत नाही, मग तो वीस पानी असो की त्यावर कुणाचीही सही असो. करार सांगतो की तुम्हाला राहायचा हक्क आहे. हा कागद सांगतो की तुम्ही खरोखर राहायला आलात. कार्यालयाला दुसरी गोष्ट हवी असते. कागदावर फार काही नसतं: जागा देणाऱ्याचं नाव आणि पत्ता, तो स्वतः मालक नसेल तर मालकाचं नाव, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख, आणि राहायला आलेल्या प्रत्येकाचं नाव.

तारखेवरच सगळ्यात जास्त कागद परत येतात. घरमालक किंवा त्याचं व्यवस्थापन बघणारी हाउसफेरवाल्टुंग करार समोर ठेवून कागद भरते, आणि करारावर १ सप्टेंबर असल्यामुळे इथेही तेच टाकते. तुमच्या फॉर्मवर ५ तारीख असते. मग काउंटरवरचा माणूस दोन्ही कागद शेजारी धरून विचारतो की यातलं खरं कोणतं. खरी तारीख ती, ज्या दिवशी तुम्ही तिथे राहायला लागलात. किल्ली कधी मिळाली किंवा भाडं कधी सुरू झालं याचा इथे संबंध नाही. म्हणून कागद मागतानाच तारीख लिहून पाठवा. मी लोकांना घरमालकाला असा छोटा मेल पाठवायला सांगतो:

```
Bitte senden Sie mir die Wohnungsgeberbestätigung.
Einzugsdatum: 05.09.2025
Einziehende Person: (पासपोर्टवरचं पूर्ण नाव)
```

सही कुणाची, तर जागा देणाऱ्याची किंवा त्याने अधिकार दिलेल्याची. हाउसफेरवाल्टुंगची सही पूर्ण चालते, फक्त मालक कोण ते खानं रिकामं नको. करार कंपनीच्या नावाने असेल आणि कागदावर एखाद्या बाईची सही असेल, तर तिच्या सहीखाली कंपनीचं नाव आहे का एवढं बघून घ्या.

कायद्याने घर बदलल्यावर दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते. तुमचे दोन आठवडे ५ सप्टेंबरपासून, म्हणजे १९ पर्यंत. घरमालकालाही हा कागद त्याच दोन आठवड्यांत द्यावा लागतो. ती त्याची मेहरबानी नाही, कर्तव्य आहे. तो टाळत असेल तर त्याच्या मागे फिरत मुदत घालवू नका. कलम १९ प्रमाणे, कागद मिळत नाही हे तुम्हीच ताबडतोब कार्यालयाला कळवायचं असतं. एक साधा मेल करा, त्याची प्रत ठेवा, पुढचं कार्यालय बघेल. उशिरा नोंदणीला कायद्यात १००० युरोपर्यंत दंड आहे. पण मोठ्या शहरांत दोन आठवड्यांत अपॉइंटमेंट मिळणंच अवघड, हे कार्यालयांनाही माहीत असतं. मुदतीच्या आत अपॉइंटमेंट बुक केल्याचा मेल जपून ठेवलात तर दंडाचा प्रश्न सहसा येत नाही.

थोडं विषयांतर करतो, पण ते गरजेचं आहे. आपल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर अधूनमधून "आनमेल्डुंगसाठी पत्ता मिळेल, अमुक युरो" अशा जाहिराती फिरतात. तुमचा ऑगस्टचा स्टुडिओ नोंदणी देत नव्हता, तेव्हा असा मोह झाला असता तर नवल नव्हतं. जिथे कुणी राहायला येत नाही त्या घराचा पत्ता नोंदणीसाठी देणं कायद्याने मना आहे आणि त्याला ५०,००० युरोपर्यंत दंड आहे. शिवाय अशा पत्त्यावर आलेली परदेशी नागरिक कार्यालयाची आणि बँकेची पत्रं कुणाच्या हातात पडतात, हा निराळा ताप.

आता घरातली माणसं. फॉर्मवर दोन-चार माणसांसाठी खानी असतात, म्हणून सगळे एकाच कागदावर बसवायचा मोह होतो. पण एक फॉर्म एकत्र भरायची सोय अशा कुटुंबासाठी आहे, ज्यातली माणसं एकाच जुन्या पत्त्यावरून, एकाच तारखेला, एकाच नव्या पत्त्यावर येतात. तुम्ही तिघं फ्रँकफर्टला एकत्र राहत असता आणि ५ तारखेला एकत्र आला असता, तर एकच फॉर्म आणि एकाची सही पुरली असती. तुमच्याकडे जुना पत्ताही वेगळा आणि तारीखही वेगळी.

"तुमच्या फॉर्मवर आत्ताच बायकोचं नाव टाकून ठेवा, नंतर खेप वाचेल" असंही कुणीतरी सुचवेल. ती ५ सप्टेंबरला पुण्यात आहे. तिच्या पासपोर्टवर जर्मनीत उतरल्याचा शिक्का २० सप्टेंबरचा पडणार आहे. पुढे तिच्या रेसिडेन्स परमिटची फाइल उघडेल तेव्हा हे दोन कागद एकमेकांशी भांडतील, आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. तेव्हा ती आल्यावर दुसरा फॉर्म, त्यावर पहिल्या खान्यात ती, दुसऱ्यात मुलगी. तिचे दोन आठवडे ४ ऑक्टोबरला संपतात. तो शनिवार आहे आणि आदल्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, राष्ट्रीय सुट्टी. म्हणजे कामाचा शेवटचा दिवस २ ऑक्टोबर धरा. अपॉइंटमेंट आजच बुक करून टाका, त्यासाठी ती इथे असायची गरज नाही.

```
Neue Wohnung
  Tag des Einzugs:    20.09.2025
Bisherige Wohnung
  Ort:                Pune
  Staat:              Indien
letzte Anschrift im Inland:  (रिकामं)
```

शेवटच्या ओळीत परदेशातून येणाऱ्यांना विचारलेलं असतं की आधी कधी जर्मनीत नोंद होती का. वहिनी पूर्वी व्हिजिटर व्हिसावर येऊन गेल्या असतील तरी तेव्हा नोंद झालेली नाही, म्हणून ते रिकामंच. इथे बरेच जण नवऱ्याचा फ्रँकफर्टचा पत्ता टाकतात, कारण व्हिसाच्या अर्जात जर्मनीतला पत्ता म्हणून तोच दिलेला असतो. पण व्हिसाच्या अर्जात कुठे राहायला जाणार हे लिहिलं होतं, इथे कुठून आलात हे विचारतायत. फ्रँकफर्टच्या दप्तरात तिचं नाव नाही, तिथे शोधून काही मिळणार नाही. व्हिसाच्या फाइलीतला पत्ता आणि नोंदणीचा पत्ता वेगळा असणं ठीक आहे. मधे तुम्ही घर बदललंत एवढंच, आणि आता परमिटसाठी श्टुटगार्टचं आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिक कार्यालय, बघेल.

घरमालकाच्या दुसऱ्या कागदासाठी आत्ताच मेल लिहून ठेवा, पण मागा २० तारखेनंतर. अजून न आलेल्या माणसाच्या येण्याची खात्री कुणी देऊ शकत नाही. त्यावर दोन्ही नावं हवीत. मुलगी लहान आहे म्हणून तिचं नाव गाळणं ही ठरलेली चूक. तिलाही स्वतंत्र नोंद आहे, फक्त नोंदणीचं काम आईवडिलांनी करायचं. बायको-मुलांना राहायला आणायला घरमालकाची परवानगी लागत नाही, त्याला कळवायचं मात्र असतं. तो कागद द्यायला वेळ लावत असेल तर कार्यालयाला विचारा की मुख्य भाडेकरू म्हणून तुमची सही चालेल का. बऱ्याच ठिकाणी चालते.

त्या दिवशी दोघींना बरोबर न्या. परदेशातून पहिल्यांदा येणाऱ्याला समक्ष बघायची बहुतेक कार्यालयांची पद्धत आहे, आणि ऑनलाइन नोंदणीची जी सोय आता पुष्कळ शहरांत आहे ती परदेशातून येणाऱ्यांना मिळत नाही. बरोबर मूळ पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, मुलीचा जन्मदाखला आणि त्यांची जर्मन भाषांतरं असू द्या.

नावांच्या खान्यांत मराठी घरांना थोडी जास्त काळजी घ्यावी लागते. पासपोर्ट हाच आधार. समजा पासपोर्टवर आडनाव कुलकर्णी आणि दिलेली नावं "अनन्या रोहित" अशी आहेत. मग "Vornamen" मध्ये दोन्ही येणार, आणि जर्मनीच्या दप्तरी अनन्याबाईंचं दुसरं नाव कायमचं रोहित. ते विचित्र वाटलं तरी वगळू नका. फॉर्मवर हाकेचं नाव अधोरेखित करायला सांगितलेलं असतं, तिथे फक्त अनन्याखाली रेघ मारा. "Geburtsname" मध्ये माहेरचं आडनाव येतं, फक्त आडनाव. लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर ते या खान्यात सांगता येत नाही. जन्मदाखल्यावर जुनं नाव, पासपोर्टवर नवं, अशी परिस्थिती असेल तर नावबदलाचं राजपत्र भाषांतरासह जवळ ठेवा. नोंद मात्र पासपोर्टप्रमाणेच होते.

वैवाहिक स्थितीच्या खान्यात लग्नाची तारीख आणि गाव विचारतात. महाराष्ट्रातल्या विवाह प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात, लग्न लागल्याची आणि नोंदणी झाल्याची, आणि कित्येकांची नोंदणी लग्नानंतर काही महिन्यांनी, व्हिसाच्या वेळी झालेली असते. इथे लग्न लागल्याची तारीख लिहायची. तुम्ही फ्रँकफर्टला नोंदणी करताना कोणती दिली होती ते बघा. नवऱ्याच्या नोंदीत एक आणि बायकोच्या नोंदीत दुसरी तारीख पडली, तर दोघांना एकमेकांशी जोडताना अडतं. हे जोडणं नुसतं दप्तरापुरतं नाही, तुमचा टॅक्स क्लास याच नोंदीवरून ठरतो. फ्रँकफर्टला तुम्ही घाईत "अविवाहित" लिहून मोकळे झाला असाल तर ५ तारखेच्या फॉर्मबरोबरच विवाह प्रमाणपत्र नेऊन ते दुरुस्त करून घ्या. बायकोच्या खेपेपर्यंत थांबू नका.

धर्माचं खानं बऱ्याच जणांना खटकतं. त्याचा उपयोग मुख्यतः चर्च कर वसूल करण्यासाठी आहे. हिंदू, बौद्ध, जैन कुटुंबांनी तिथे रेघ मारली किंवा "keine" लिहिलं तरी काही बिघडत नाही. पण गोव्याचे किंवा वसईचे कॅथलिक वाचक असतील त्यांनी जाणून लिहावं. "römisch-katholisch" नोंदलं की आयकराच्या रकमेवर चर्च कर सुरू होतो, बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बायर्नमध्ये ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. हे टक्के पगारावर नाहीत, कापल्या जाणाऱ्या आयकरावर आहेत. लिहायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण पहिल्या पगाराच्या स्लिपवर बघून दचकायला नको.

काउंटरवरून उठायच्या आधी हातात मेल्डेबेश्टेटिगुंग पडेल. ती फुकट असते. तीच माहिती कुणाला दाखवायला पुढे दाखला मागितलात तर बहुतेक ठिकाणी त्याला पैसे पडतात, म्हणून हा पहिला कागद सांभाळा. तिथेच बसून वाचा: आडनावाचं स्पेलिंग, राहायला आल्याची तारीख, घर क्रमांकाची जोड, वैवाहिक स्थिती. काउंटरवर बसलेल्या माणसाला एक अक्षर बदलायला अर्धं मिनिट लागतं. घरी गेल्यावर त्याच अक्षरासाठी पुन्हा अपॉइंटमेंट. तुमच्या रेसिडेन्स कार्डावरचा पत्ताही बदलायचा आहे, त्यावर नव्या पत्त्याचं स्टिकर लागतं. ते याच काउंटरवर होईल की आउसलेंडरबेहोर्डेकडे, ते शहरागणिक बदलतं, म्हणून उठण्याआधी विचारून घ्या.

नोंदणीनंतर दोन-तीन आठवड्यांत वहिनींचा आणि मुलीचा टॅक्स आयडी वेगवेगळ्या पत्रांनी येईल. तो अकरा अंकी असतो आणि आयुष्यभर एकच. तुमचा आहे तोच राहणार. पत्रपेटीवर फक्त तुमचं नाव असेल आणि वहिनींच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल, तर पोस्टमन ते पत्र परत पाठवील. दोन्ही आडनावं पेटीवर लावा. तसंच त्यांच्या नावाने रेडिओ-टीव्ही शुल्काचंही पत्र येण्याची शक्यता आहे, कारण नोंदणीची माहिती तिकडे जाते. ते शुल्क महिन्याला १८.३६ युरो, पण माणशी नाही, घरटी. तुम्ही भरत असाल तर उत्तरात तुमचा शुल्क क्रमांक कळवायचा, की त्यांचा विषय संपला. पत्र फेकून दिलंत तर दोघांच्या नावाने बिल सुरू होईल.

आता मेव्हणा. तो तुमच्या घरात राहील, पण या कागदांच्या हिशेबात तो बायको-मुलीसारखा नाही. प्रौढ माणूस आहे, त्याचा फॉर्म त्याच्या सहीने वेगळा करा, मागचा पत्ता भारतातला. त्याला राहायला आणायच्या आधी घरमालकाची परवानगी घ्यावी लागते, कारण भावंडांना आणि मेव्हण्यांना ती सूट नाही. परवानगी लेखी मागा, कारण आणि मुदत सांगा. मग त्याच्या वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंगवर जागा देणारे म्हणून तुम्ही सही करणार, कारण त्याला जागा घरमालकाने दिलेली नाही, तुम्ही दिली. मालकाच्या खान्यात घरमालकाचं नाव येईल. भाडं घेता की नाही याने फरक पडत नाही. आणि सही केलीत की जबाबदारीही तुमची. पुढे त्याला विद्यापीठाजवळ खोली मिळाली तर त्याने तिथे दोन आठवड्यांत नोंद केली की नाही ते विचारत राहा, नाहीतर त्याची सगळी सरकारी पत्रं तुमच्याच पेटीत येत राहतील.